विकत घेतलेला किंवा मित्राकडून आलेला निबंध पकडला का जातो?

परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक मेसेज हमखास येतो. "दादा, तुमचा मागच्या वर्षीचा एसे पाठवा ना, फक्त फॉरमॅट बघायचाय." दादा पाठवतोही. गावाकडे नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, पुस्तके एकमेकांना देऊनच आपण शिकलो, त्यामुळे यात काही वावगे आहे असे कुणाला वाटत नाही. दुसरीकडे, इन्स्टाग्रामवर 'शंभर टक्के ओरिजिनल, प्लेजरिझम रिपोर्टसह' अशी जाहिरात दिसते आणि तीन दिवसांवर सबमिशन आलेला एखादा विद्यार्थी पैसे भरून मोकळा होतो.

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर किंवा केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपवर ब्रिटनला गेलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न फक्त एका विषयाच्या गुणांचा नसतो. विद्यापीठाने काढून टाकले तर ते व्हिसाचे प्रायोजक या नात्याने ब्रिटनच्या गृहखात्याला कळवते आणि व्हिसाची मुदत कापली जाते. म्हणून असा निबंध नेमका कुठे आणि कसा अडकतो, हे या लेखात ब्रिटनमधील मास्टर्सचे उदाहरण घेऊन पाहू. शेवटी भारतातील पीएच.डी.लाही तेच कसे लागू होते ते येईल.

आधी दोन शब्द

दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून देणे याला प्लेजरिझम म्हणतात, हे सर्वांना माहीत असते. पण नियमावलीत आणखी दोन शब्द असतात. स्वतंत्रपणे करायचे काम दोघांनी मिळून केले किंवा एकाने आपले काम दुसऱ्याला वापरू दिले, तर ते 'कोल्युजन'. यात बहुतेक विद्यापीठांत देणारा आणि घेणारा दोघेही चौकशीत येतात. काम दुसऱ्याकडून करून घेतले, मग पैसे देऊन असो वा फुकट, तर ते 'कॉन्ट्रॅक्ट चीटिंग'. हा शब्द 2006 मध्ये थॉमस लँकेस्टर आणि रॉबर्ट क्लार्क या ब्रिटनमधील दोन प्राध्यापकांनी रूढ केला. साध्या प्लेजरिझमला अनेकदा नवख्याची चूक मानून सौम्य शिक्षा होते. कॉन्ट्रॅक्ट चीटिंगला तशी सवलत सहसा मिळत नाही, कारण तिथे हेतू उघड असतो.

इंग्लंडमध्ये 2022 च्या स्किल्स अँड पोस्ट-16 एज्युकेशन ॲक्टने असे निबंध पुरवणे आणि त्यांची जाहिरात करणे हा गुन्हा ठरवला. हा कायदा विकणाऱ्यावर आहे. विद्यार्थ्यावरची कारवाई विद्यापीठाच्या नियमांनुसार होते.

पहिली अडचण: साठवलेला मजकूर

निबंध ऑनलाइन सबमिट केला की तो बहुतेक ठिकाणी टर्निटिनसारख्या प्रणालीतून जातो. अनेकांची समजूत अशी की ही प्रणाली गुगलसारखी इंटरनेटवर शोध घेते, म्हणजे नेटवर नसलेला निबंध सुरक्षित. ही समजूत चुकीची आहे. ती तीन ठिकाणी तुलना करते: वेबपानांवर, जर्नल-पुस्तकांत आणि विद्यार्थ्यांनी पूर्वी सबमिट केलेल्या कामांच्या साठ्यात. तिसरा साठाच आपल्या विषयाचा आहे. तो जगभरच्या संस्थांमधून आलेला असतो आणि दर सत्राला वाढत जातो. आपले लिखाण असे साठवू नये म्हणून अमेरिकेत शाळकरी विद्यार्थ्यांनी कंपनीवर खटला भरला होता. 2009 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा साठा कॉपीराइट कायद्यात बसतो असा निकाल दिला.

आता "शब्द बदलले की सापडत नाही" या समजुतीकडे वळू. प्रणाली पूर्ण वाक्य एकदम जुळवत नाही. मजकुराचे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे करून त्यांचे ठसे जुळवण्याची पद्धत यामागे असते. प्रत्येक कंपनीचा नेमका हिशोब तिचा स्वतःचा असतो, पण तत्त्व समजायला एक वाक्य घेऊ:

"महिलांना रोजगार हमी योजनेमुळे गावातच काम मिळाले आणि त्यांचे स्थलांतर कमी झाले."

यात बारा शब्द आहेत. पाच-पाच शब्दांचे तुकडे केले तर पहिला तुकडा पहिल्या शब्दापासून, दुसरा दुसऱ्यापासून, असे आठ तुकडे होतात. तुम्ही पाचवा शब्द 'गावातच' काढून 'घराजवळच' टाकला. तो शब्द ज्यांत होता असे पाच तुकडे बदलले, पण शेवटचे तीन जसेच्या तसे राहिले. म्हणजे वाक्य अजूनही ओळखू येते. दर ओळीत एक शब्द बदलून तीन हजार शब्दांचा निबंध 'आपला' केला तरी शेकडो तुकडे शिल्लक राहतात, आणि ते मूळ निबंधाच्याच क्रमाने येतात. हा क्रमच शिक्षकाच्या डोळ्यात भरतो.

टक्केवारी वाचायची कशी

अहवालावर वर मोठ्या अक्षरात एक टक्केवारी दिसते आणि विद्यार्थी तिलाच घाबरतात. "वीस टक्क्यांच्या खाली असले की पास" असा नियम ग्रुपवर फिरतो. अनुभवी शिक्षक एकूण आकड्याआधी त्याची फोड बघतो.

समजा दोन निबंध आहेत. पहिल्याचे साम्य 30 टक्के, पण ते पन्नास-साठ ठिकाणांहून थोडे थोडे आलेले: अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांची नावे, प्रश्नाचा मजकूर. असा निबंध बहुधा निर्दोष असतो. दुसऱ्याचे साम्य फक्त 18 टक्के, पण त्यातले 14 टक्के एकाच स्रोताचे, आणि स्रोताच्या जागी लिहिलेले 'विद्यार्थ्याचे काम', सोबत दुसऱ्या विद्यापीठाचे नाव आणि मागच्या वर्षीची तारीख. चौकशी दुसऱ्याची होते. शिक्षकाला तो जुना निबंध लगेच पूर्ण दिसत नाही. तो प्रणालीतूनच दुसऱ्या विद्यापीठातील शिक्षकाकडे पाहण्याची परवानगी मागतो. परवानगी मिळाली की दोन्ही निबंध शेजारी ठेवले जातात, आणि त्याच वेळी दादाचे नावही उघड होते.

एकाच वर्गातल्या दोघांनी देवाणघेवाण केली तर आणखी एक गोष्ट घडते. अनेक विषयांत अंतिम तारखेपर्यंत निबंध पुन्हा पुन्हा अपलोड करता येतो आणि अंतिम तारखेला अहवाल नव्याने तयार होतो, जेणेकरून वर्गातील सर्व कामे एकमेकांशी तपासली जावीत. ज्याने चार दिवस आधी सबमिट केले, त्याला तेव्हा जेमतेम तीन-चार टक्के दिसले आणि तो निर्धास्त झाला. अंतिम तारखेनंतर त्याचाच अहवाल मित्राच्या निबंधामुळे साठ टक्क्यांवर जातो. ज्याने स्वतः मेहनतीने लिहिले, तोही आता उत्तर द्यायला बसतो.

विकत घेतलेला निबंध 'कोरा' का राहत नाही

विकणारा म्हणतो, नवीन लिहून देतो. पण त्याचा धंदा वेगावर चालतो. 'शाश्वत विकासाचे फायदे-तोटे' असा विषय दहा विद्यापीठांत असतो. एकाच साच्यातून थोडा फेरफार करून अनेकांना विकणे त्याला परवडते, आणि तुम्ही कितवे ग्राहक आहात हे तुम्हाला कधीच कळत नाही. तुम्ही पहिले असाल तर आज अहवाल स्वच्छ येईल. पण तुमचा निबंध त्या दिवसापासून साठ्यात बसतो. पुढच्या सत्रात तोच माल दुसऱ्याने सबमिट केला की त्याच्या अहवालात तुमच्या विद्यापीठाचे नाव उमटते आणि चौकशीचे पत्र मागच्या तारखेच्या कामासाठी तुमच्याकडे येऊ शकते. पदवी मिळाल्यानंतरही ती रद्द करण्याचा अधिकार विद्यापीठे राखून ठेवतात.

सोबत मिळालेला 'प्लेजरिझम रिपोर्ट'ही फसवा असतो. तो एक तर वेगळ्या प्रणालीचा असतो, जिच्याकडे विद्यार्थ्यांच्या कामांचा साठाच नाही. किंवा कुठल्यातरी संस्थेच्या खात्यातून तपासलेला असतो. त्या खात्यात साठवणूक चालू असेल तर निबंध तुमच्या आधीच साठ्यात जातो आणि तुमचे सबमिशन जवळजवळ पूर्णच जुळते.

शिवाय विकणाऱ्याकडे तुमचे नाव, ईमेल, पैसे भरल्याची नोंद आणि असाइनमेंटचा कागद राहतो. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात 'मायमास्टर' नावाच्या निबंध विकणाऱ्या संकेतस्थळाचे प्रकरण वृत्तपत्राने बाहेर काढले, तेव्हा हेच झाले. कंपनीच्या नोंदी उघड झाल्या, त्यात अनेक विद्यापीठांतील शेकडो विद्यार्थ्यांचे व्यवहार होते आणि विद्यापीठांनी त्यावरून चौकशा केल्या. कोणत्याही साम्य-अहवालाची गरजच पडली नाही. "आणखी पैसे दे, नाहीतर विद्यापीठाला कळवतो" अशा धमक्यांच्या तक्रारीही या धंद्यात जुन्या आहेत.

दुसरी अडचण: शैली जुळत नाही

समजा निबंध खरोखरच नवा लिहिला आहे आणि साम्य 2 टक्के आहे. तरी तो वाचणारा शिक्षक माणूस आहे. त्याने तुमचा आधीचा निबंध, ईमेल, वर्गातील सादरीकरण पाहिलेले असते.

लिहिणाऱ्याची ओळख मोठ्या शब्दांत नसते, ती नकळत वापरलेल्या छोट्या शब्दांत असते. अमेरिकेतील 'फेडरलिस्ट पेपर्स'मधील बारा वादग्रस्त लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा जुना वाद होता. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये 'अपॉन'सारख्या साध्या शब्दांची वारंवारता मोजली आणि ते मॅडिसनचे असल्याचा जोरदार पुरावा मांडला. हॅमिल्टन तो शब्द सतत वापरत असे, मॅडिसन क्वचित.

शिक्षक इतके मोजत बसत नाही. त्याला साध्या विसंगती दिसतात. आधीच्या निबंधात ब्रिटिश स्पेलिंग, यात अमेरिकन. आधी हार्वर्ड पद्धतीचे संदर्भ, यात तळटिपा. वाक्याची सरासरी लांबी पंधरा शब्दांवरून तीसवर गेलेली. सर्वांत बोलकी खूण म्हणजे वाचन. विषयाच्या वाचनयादीतील आठवड्याला दिलेली दोन-तीन पुस्तके निबंधात कुठेच नाहीत, वर्गात शिकवलेली संकल्पना नाही, आणि त्याऐवजी कुणीही उचलावेत असे सर्वसाधारण संदर्भ आहेत. बाहेरचा लेखक वर्गात बसलेला नसतो, हे त्याला लपवता येत नाही.

गरज पडल्यास मूळ वर्ड फाइल मागतात. `.docx` फाइल म्हणजे खरे तर एक झिप असते. तिच्यातील `docProps/core.xml` मध्ये `creator` आणि `lastModifiedBy` अशी नावे असतात, आणि `docProps/app.xml` मध्ये `TotalTime`, म्हणजे फाइल किती मिनिटे संपादित झाली याची नोंद. तीन हजार शब्दांच्या निबंधाला `TotalTime` सहा मिनिटे आणि `creator` च्या जागी अनोळखी नाव असेल तर प्रश्न उभा राहतो.

पण या सर्व गोष्टींना मर्यादा आहे, आणि ती आपल्या मुलांनी नीट समजून घ्यावी. गुगल डॉक्समध्ये लिहून शेवटी वर्डमध्ये पेस्ट केले तरी सहा मिनिटेच दिसतात. मित्राचा जुना लॅपटॉप वापरला तर त्याचे नाव येते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे इंग्रजी दोन सत्रांत झपाट्याने सुधारते, रायटिंग सेंटरची मदत घेतली की शैली बदलते. म्हणून शैलीवरून शंका येते, दोष सिद्ध होत नाही. त्यासाठी तिसरी पायरी असते.

तिसरी अडचण: बोलावून विचारणे

शंका आली की विद्यार्थ्याला ईमेल येतो. भेटीला कुठे 'व्हायव्हा', कुठे 'ॲकॅडमिक कॉन्व्हर्सेशन' म्हणतात. समोर सहसा दोघे असतात आणि प्रश्न साधे असतात. हा मुद्दा सुचला कसा? हे पुस्तक कुठून मिळवले? या परिच्छेदातील हा शब्द तुमच्या भाषेत समजावून सांगा. मसुदे आहेत का?

एक कल्पित उदाहरण सविस्तर पाहू. विकास-अभ्यासाचा एक विद्यार्थी विदर्भातून आलेला आहे. त्याने भारतातील ग्रामीण रोजगार हमीवर विकत घेतलेला तीन हजार शब्दांचा निबंध दिला. साम्य 4 टक्के. निबंधाची सुरुवातच अशी की भारतात रोजगार हमीची कल्पना 2005 च्या केंद्रीय कायद्याने आली. शिक्षिकेला विषय माहीत आहे. महाराष्ट्रात ही योजना 1972 च्या दुष्काळात सुरू झाली आणि 1977 मध्ये राज्याने तिचा कायदा केला, हे तिला ठाऊक आहे. महाराष्ट्राचा विद्यार्थी हे कसे विसरला, असे तिला वाटते. ती संदर्भसूची तपासते, तर वाचनयादीतील एकही लेख नाही. ती बोलावते.

ती विचारते, "तुमच्या राज्याची योजना आणि 2005 चा कायदा यांत फरक काय?" विद्यार्थ्याला सांगता येत नाही. केंद्रीय कायद्याने कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली होती, राज्याच्या कायद्यात अशी दिवसांची मर्यादा नव्हती, हे त्याच्या निबंधाच्या पाचव्या पानावर एका ओळीत आहे. पण ती ओळ त्याने वाचलेलीच नाही. मग ती निबंधातीलच एक संज्ञा दाखवते, 'सेल्फ-टार्गेटिंग'. मजुरी कमी आणि काम कष्टाचे असले की खरी गरज असलेलाच माणूस येतो, असा तिचा अर्थ. विद्यार्थी म्हणतो, स्वतःचे ध्येय ठरवणे. ती मसुदे मागते. एकही नाही.

यातली कोणतीही एक गोष्ट एकटी पुरेशी नव्हती. तारीख चुकू शकते, घाबरून उत्तर विसरता येते, मसुदे हरवू शकतात. पण ब्रिटनमधील विद्यापीठांत फौजदारी खटल्यासारखा 'संशयापलीकडचा' पुरावा सहसा लागत नाही. 'घडले असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त' एवढे पुरते. चार कमकुवत धागे एकाच दिशेला ओढले की निर्णय होतो.

भारतात पीएच.डी.ला हेच लागू

आपल्याकडे प्रबंध इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर जातो आणि सर्वांना वाचायला खुला राहतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के असल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यावे लागते, 40 ते 60 असल्यास वर्षभर सबमिशन बंद, आणि 60 च्या वर नोंदणी रद्द. योग्य संदर्भासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य मोजणीतून वगळले जाते. प्रबंध लिहून देणारे याच आकड्यांचा हवाला देऊन "दहाच्या आत आणतो" म्हणतात. पण तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षक टक्केवारी विचारत नाही. तो विचारतो, नमुन्यासाठी हीच गावे का निवडली? आणि शोधगंगावर ठेवलेला प्रबंध दहा वर्षांनीही कुणीतरी दुसऱ्या प्रबंधाशेजारी ठेवून वाचू शकतो.

प्रामाणिक विद्यार्थ्याने काय जपावे, आणि अडकलेल्याने काय करावे

स्वतः लिहिणाऱ्यावरही शंका येऊ शकते, म्हणून पुरावा लिहितानाच तयार होऊ द्या. एकाच गुगल डॉक किंवा वनड्राइव्ह फाइलमध्ये सुरुवातीपासून लिहा म्हणजे आवृत्त्यांची नोंद राहते. वाचताना काढलेल्या टिपा मराठीत असल्या तरी ठेवा. मराठीतल्या टिपा हा तर उत्तम पुरावा आहे. कुणाकडून भाषा तपासून घेतली तर तपासण्याआधीची प्रत जपा.

ज्युनिअरने निबंध मागितला तर फाइल पाठवू नका. वाचनयादी द्या, शिक्षकाने तुमच्या निबंधावर काय शेरे दिले ते सांगा, व्हिडिओ कॉलवर त्याचा आराखडा ऐका. मदत तीच होते, अडकत कुणी नाही.

वेळ उरला नसेल तर मुदतवाढ किंवा अडचणीच्या परिस्थितीचा अर्ज करा. आजारपण, घरचा मृत्यू, शिष्यवृत्तीचा हप्ता रखडल्यामुळे आलेली ओढाताण, हे लेखी कळवता येते आणि कागद जोडता येतात. उशिरा दिल्याबद्दल थोडे गुण जातात. नापास झालात तर बहुधा पुन्हा परीक्षा मिळते, फक्त गुण उत्तीर्णतेच्या मर्यादेवर थांबतात. मास्टर्सला ती साधारण 50 असते. यातले काहीही व्हिसापर्यंत जात नाही.

चौकशीचे पत्र आलेच तर ते दुर्लक्षित करू नका आणि एकटे जाऊ नका. स्टुडंट्स युनियनचा सल्लागार फुकट मिळतो आणि बैठकीलाही सोबत येऊ शकतो. आरोप नेमका कोणता, प्लेजरिझम, कोल्युजन की कॉन्ट्रॅक्ट चीटिंग, हे लेखी मागा, कारण शिक्षा त्यावर ठरते. निर्णय अन्यायाचा वाटला तर आधी विद्यापीठांतर्गत अपील करा. ते संपल्यावर 'कंप्लिशन ऑफ प्रोसीजर्स लेटर' मिळते, आणि इंग्लंड-वेल्समध्ये त्या पत्राच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटरकडे तक्रार करता येते. ती करायला पैसे लागत नाहीत.